थरथरणारा हात आणि न दिसलेली पानं

वाचकाचं पत्र

आम्ही सहा जण दर शनिवारी रात्री घोडबंदर रोडला एका मित्राच्या घरी पोकर खेळतो. पैसे लावत नाही. सगळ्यांना सारख्या चिप्स, आणि ज्याच्याकडे शेवटी सगळ्यात कमी उरतील त्याने रविवारी सकाळी मामलेदारची मिसळ खाऊ घालायची. मध्यंतरी एका मोठ्या डावात समोरच्याचे हात चक्क थरथरत होते. घाबरलाय, ब्लफ मारतोय, म्हणून मी त्याच्याइतक्याच चिप्स टाकून कॉल केला, तर त्याच्याकडे तीन नव्व्या! मग भरपूर व्हिडिओ पाहिले. त्यात सांगितलं की हात थरथरले म्हणजे पानं भारी. पुढच्या वेळी एका नव्या मुलाचे हात थरथरताना दिसले, मी गुपचूप पत्ते टाकले, आणि त्याने हसत हसत ब्लफ दाखवला. आता मंडळी मला 'फेस रीडर' म्हणून चिडवतात. पुढच्या महिन्यात गोव्याला जातोय, तिथे लाइव्ह टेबलवर बसायचा विचार आहे. टेल्स, म्हणजे पानांचा सुगावा देणाऱ्या या हालचाली, नीट शिकून घ्याव्यात की हा सगळा थोतांड प्रकार सोडून द्यावा? आणि गॉगल लावून बसू का?
— एक 'फेस रीडर', ऐरोली

उत्तर

तुम्ही दोन्ही वेळा हात नीट पाहिलेत. दिसलं ते खरंच होतं. घोटाळा झाला तो पुढच्या पायरीवर: हात थरथरणं या गोष्टीचा एकच अर्थ असतो, आणि तो सगळ्या माणसांना सारखा लागू पडतो, हे तुम्ही धरून चाललात. आधी तो अर्थ 'भीती' होता, व्हिडिओ पाहिल्यावर 'ताकद' झाला. अर्थ बदलला, गृहीतक तेच राहिलं.

आधी थरथरीचंच पाहू. मोठं पान लागलं की अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि चिप्स पुढे सरकवताना बोटं कापतात. अमेरिकेतल्या माइक कॅरोसारख्या जुन्या जाणत्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय की अचानक सुरू झालेली थरथर ही बहुतेकदा भारी पानांची खूण असते. उलट ब्लफ मारणारा माणूस स्वतःला आवळून धरतो, आपल्याकडून काही फुटू नये म्हणून हालचाल कमी करतो. इथवर तुमचे व्हिडिओ बरोबर आहेत. पण त्या वाक्यातला 'अचानक' हा शब्द तुमच्याकडून सुटला. तो नवा मुलगा पहिल्यांदाच सहा अनोळखी माणसांत बसला होता. तो पहिल्या डावापासून कापत असणार. चहाचा कप उचलताना, पानं उचलताना, साधे दोन चिप्स टाकतानाही. त्याच्या बाबतीत थरथर म्हणजे फक्त 'मी नवा आहे'. त्यात डोक्यावर एसी, तिसरी कॉफी, दिवसभर पोटात काही नाही, किंवा मुळातच हात कापण्याची सवय, असं काहीही मिसळलेलं असू शकतं. भारी पानांसाठी वेगळी थरथर आणि कॉफीसाठी वेगळी, असं काही नसतं.

म्हणून अनुभवी खेळाडू नवा माणूस टेबलवर आला की पहिला अर्धा-पाऊण तास काही अर्थ लावतच नाहीत. नुसतं पाहतात. हा एरवी कसा बसतो, चिप्स कसे टाकतो, बोलका आहे की गप्प, छोट्या डावात किती वेळ घेतो. ही त्या माणसाची नेहमीची पट्टी झाली. पुढे जे मोजायचं ते या पट्टीपासून तो किती सरकला, तेवढंच. एरवी बडबड्या असलेला माणूस मोठी बेट लावून पुतळा झाला, तर त्याला थोडा अर्थ आहे. जो एरवीही पुतळाच असतो, तो पुतळा राहिला यात काही कळण्यासारखं नाही.

चेहऱ्याबद्दलही एक गोष्ट ऐकून ठेवा, कारण 'फेस रीडर' हे नाव तुम्हाला पडलंच आहे. मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2009 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधले, चिप्स पुढे सरकवतानाचे अगदी छोटे व्हिडिओ त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवले आणि पानं किती चांगली असतील याचा अंदाज करायला सांगितलं. काहींना फक्त चेहरा दिसत होता, काहींना फक्त हात. चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज छापा-काट्याहून सरस ठरले नाहीत. हात पाहणाऱ्यांचे मात्र काही प्रमाणात बरोबर आले. चिप्स सफाईने, न अडखळता सरकवणाऱ्यांकडे बहुधा बरी पानं होती. कारण बहुधा सरळ आहे. पोकर खेळणारा प्रत्येक जण चेहरा सांभाळायला शिकतो, हातांकडे कमी जणांचं लक्ष असतं. पण यावरून लगेच 'आता हात वाचू' असं ठरवू नका. तिथला फरकही शेकडो अंदाजांच्या सरासरीत दिसणारा होता. एका माणसाच्या एका डावात त्याच्या जोरावर सगळ्या चिप्स लावाव्यात इतका तो नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. टेल खरी असली तरी तिचं वजन किती? हे एका डावावरच करून पाहू. कागद-पेन घ्या.

तुमच्याकडे चौकटचा राजा आणि चौकटची राणी. तुम्ही आधी रेझ केलं, म्हणजे बेट वाढवली, एकाने कॉल केला. फ्लॉपला, म्हणजे टेबलवर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी आणि चौकटची तिर्री आली. तुम्ही बेट लावली, त्याने कॉल केलं. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, किलवरची सत्ती, पुन्हा तेच. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानाला, बदामची दुर्री पडली. तुम्ही बेट न लावता चेक केलं आणि त्याने पॉटमधल्या, म्हणजे मधल्या ढिगातल्या, 1000 वर 500 ची बेट लावली. तुम्हाला 500 टाकून 1500 जिंकायचे आहेत. म्हणजे चार वेळांत एकदा जरी तो ब्लफ मारत असेल, तरी तुमचा कॉल फुकट जात नाही. 25 टक्के ही तुमची रेष.

त्याच्याकडे काय असू शकतं? तुम्हाला हरवणारी पानं मोजू. नव्व्यांची, सत्त्यांची किंवा तिर्रींची जोडी हातात असेल तर त्याची तीन सारखी पानं झाली. प्रत्येकाचे तीन प्रकार, एकूण 9. एक्का-राजा असेल तर उरलेले दोन राजे आणि चार एक्के मिळून 8 प्रकार. एकाच रंगाचे राजा-नव्वी, बदामचे किंवा किलवरचे, म्हणजे आणखी 2. झाले 19. आता ब्लफ. इस्पिकची पाच पानं जमतील या आशेवर तो इथवर आला आणि पाचवं पान पडलंच नाही. एक्का, राणी, गुलाम आणि दश्शी या इस्पिकच्या चार पानांपैकी कोणतीही दोन धरा. असे 6 प्रकार होतात. एकूण 25 पैकी 6, म्हणजे 24 टक्के. तुमच्या रेषेच्या अगदी काठावर. याला हो म्हणावं की नाही, हे गणित सांगत नाही.

अशा जागी टेल कामाला येते. समजा या माणसाला तुम्ही वर्षभर ओळखता आणि मोठी बेट लावल्यावर तो गोठून बसतो असं पाहिलंय: ब्लफ असेल तर दहापैकी सहा वेळा, पानं भारी असतील तर दहापैकी तीन वेळा. आत्ता तो गोठलाय. मग 6 ब्लफपैकी 3.6 उरतात आणि 19 भारींपैकी 5.7. ब्लफची शक्यता 24 वरून सुमारे 39 टक्क्यांवर गेली. कॉल. उलट त्याची सवय थरथरीची असेल, भारी पानांवर दहापैकी सहा वेळा आणि ब्लफवर तीन वेळा, आणि आत्ता त्याचे हात कापत असतील, तर हीच शक्यता साडेतेराच्या आसपास येते. पत्ते टाका. आणि तो नवा मुलगा? तो दोन्ही वेळा दहापैकी नऊदा कापतो. आकडे घालून पाहा, 24 टक्के होते तिथेच राहतात. तुम्ही पाहिलेल्या थरथरीचं वजन शून्य होतं.

आता याच डावात समोर असा माणूस बसवा जो रिव्हरला हवेत कधीच मोठी बेट लावत नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक सरळमार्गी असतोच. त्याच्याकडे 19 भारी प्रकारांसमोर ब्लफचा फार तर 1. तो गोठला, तीच टेल, तेच वजन. ब्लफची शक्यता 5 वरून साडेनऊ टक्क्यांपर्यंत चढते. 25 पासून ती कोसभर लांब आहे. टेल खरी आहे, तरीही पत्तेच टाकायचे. तुमच्या तीन नव्व्यांच्या डावात बहुधा हेच झालं असावं. त्या मित्राने आधीच्या दोन फेऱ्यांत काय केलं होतं, ते पत्रात एका शब्दानेही आलेलं नाही. हात मात्र आलेत. ज्यांचं पोकरवर पोट आहे ते लोक उलट्या क्रमाने जातात. आधी बेटिंगची कहाणी जुळते का ते पाहतात, निर्णय जवळपास ठरवतात, आणि तो काठावर असेल तरच मान वर करून समोरच्याकडे बघतात. आधी चेहरा पाहिला की मग पानांची मोजणीसुद्धा आपण त्या चेहऱ्याला साजेशी करतो.

इथे तुम्ही विचाराल की वर्षभर पाहिलं तर दहापैकी सहा आणि दहापैकी तीन हा हिशोब लागतो का? माझ्या मते खरी मेख इथे आहे, आणि व्हिडिओवाले नेमकं हेच सांगत नाहीत.

पोकरमध्ये पानं दिसतात ती शोडाउनला, म्हणजे शेवटी उरलेले खेळाडू पानं उघडतात तेव्हा. एखाद्याने मोठी बेट लावली आणि बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले, तर त्याची पानं पालथीच गड्डीत जातात. म्हणजे जमलेला ब्लफ, त्या नव्या मुलासारखा कुणी स्वतःहून दाखवला नाही, तर तुम्हाला दिसतच नाही. तुमच्या शनिवारच्या मित्राचे हात समजा भारी पानांवरही कापतात आणि ब्लफवरही. तो ब्लफ मारतो तेव्हा बहुतेक वेळा सगळे पळतात, पानं झाकलेली राहतात. भारी पानं असतात तेव्हा कुणीतरी कॉल करतं आणि पानं उघडी पडतात. महिन्याभराने तुमच्या डोक्यात पक्कं बसतं: याचे हात कापले की पानं भारी. प्रत्यक्षात तुम्ही फक्त उघडलेल्या पानांची यादी केलेली असते. झाकलेल्यांची थरथर तुम्ही पाहिली, पण ती कुठल्या खात्यात मांडायची ते कळलं नाही म्हणून विसरून गेलात.

त्यात संख्या तुटपुंजी. घरच्या खेळात तासाला पंचवीसेक डाव होतात. चार तासांच्या रात्रीत एका ठरावीक माणसाने रिव्हरला मोठी बेट लावली आणि पानंही उघडली, असे प्रसंग दोन-तीन. सहा आणि तीनमधला फरक ओळखायला असे पन्नासेक तरी लागतात, आणि तोवर तो माणूस बदललेला असतो. खेळात मुरतो, किंवा त्याला कुणीतरी सांगतं की तुझे हात कापतात. एकदा सांगितलं की ती खूण कामातून गेली. पुढच्या वेळी तो मुद्दाम कापून दाखवेल. आपल्याकडे दिवाळीत तीन पत्तीला बसलेले काका-मामा नाटकं करतात ना, चांगली पानं आली की तोंड वाकडं करून 'काही नाही रे माझ्याकडे' म्हणणारे, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून उघडलेली पानं लक्षात ठेवण्याची पद्धत बदला. डाव चालू असताना, पानं उघडण्याआधी, मनाशी ठरवा: 'हा आत्ता त्याच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा वेगळा वागतोय का? कसा?' मग पानं दिसोत न दिसोत. घरी गेल्यावर फोनमध्ये दोन ओळी लिहा, तीन खाती करून: भारी निघालं, ब्लफ निघाला, दिसलंच नाही. तिसरं खातं जेव्हा पहिल्या दोघांपेक्षा फुगतं, तेव्हा आपल्याला किती कमी माहिती आहे ते आपोआप डोळ्यांसमोर येतं. आणि अंदाज आधी मांडलेला असल्यामुळे 'मला वाटलंच होतं' म्हणायची सोयही राहत नाही.

काय पाहायचं, याबद्दल दोनच गोष्टी सांगतो. वागणं केव्हाचं आहे ते नीट वेगळं करा. तुमची पाळी असताना वाट पाहणारा माणूस, आणि बेट लावून तुमच्या निर्णयाची वाट पाहणारा माणूस, यांची तीच कृती उलट अर्थाची असू शकते. तुम्ही बेट लावायच्या आधीच जो तुमच्याकडे रोखून पाहतो, हात चिप्सवर नेतो, त्याला बहुतेकदा तुम्ही बेट लावायला नको असते. पानं मध्यम आहेत, स्वस्तात पुढचं पान बघायचंय. ज्याच्याकडे खरंच काही आहे तो भिंतीवरच्या मॅचकडे बघत बसतो. पण बेट लावून झाल्यावर मात्र मोकळेपणाने हलणारा, गप्पा मारणारा, मध्येच सरबत मागवणारा माणूस सहसा निश्चिंत असतो. 'बहुतेकदा' आणि 'सहसा' हे शब्द मी उगाच घातलेले नाहीत. मुरलेल्या खेळाडूला हे सगळं तुमच्याआधी माहीत असतं.

दुसरी गोष्ट शरीराची नव्हे, घड्याळाची. फ्लॉपला तुम्ही बेट लावल्यावर जो एका क्षणात कॉल करतो, त्याच्याकडे फार भारी पान असण्याची शक्यता थोडी कमी होते, कारण भारी पानवाल्याला रेझ करू की गळाला लावून ठेवू असा विचार करावा लागतो, निदान दोन-तीन सेकंद. क्षणात कॉल म्हणजे रेझचा विचार मनात आलाच नाही; एखादी मध्यम जोडी, किंवा पाच पानं जमण्याची वाट. ही खूण मला चेहऱ्याच्या सगळ्या खुणांपेक्षा कामाची वाटते, कारण तिच्यामागे ढोंग कमी आणि विचार करायला लागणारा वेळ जास्त असतो. नव्या आणि हौशी खेळाडूंवर ती बरी चालते. सवयीने प्रत्येक वेळी सारखाच वेळ घेणाऱ्यावर चालत नाही.

आता गोवा. तिथल्या टेबलवर तुम्ही बसाल तेव्हा आठ अनोळखी माणसं असतील, तुमच्याकडे त्यांची पट्टी नसेल आणि वेळ असेल एखाद-दुसऱ्या संध्याकाळचा. तुमच्यासारखेच मुंबई-पुण्याहून हौसेने आलेले काही असतील, आणि काही असे की ज्यांचं आठवड्यातलं निम्मं आयुष्य त्या खुर्चीत जातं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडून तुम्हाला टेल दिसली, तर ती त्याने दाखवली असण्याचीही तेवढीच शक्यता आहे. त्याच्यासमोर फक्त बेटिंग वाचा. हौशी लोकांच्या खुणा काठावरच्या निर्णयात वापरा, त्याही दोन तास पाहिल्यावर. काठावर नसेल तिथे जे गणित सांगेल ते, हात कापोत नाहीतर दात. आणि खेळ थट्टेचा असला तरी तिथे चिप्समागे मिसळ नसून खरे पैसे असतात. रात्रभरात किती गेले तर उठायचं, तो आकडा ऐरोलीतच ठरवून निघा.

गॉगलचं म्हणाल तर लावा, ना नाही. पण डोळे झाकून हात उघडे ठेवण्यात फारसा अर्थ नाही, हे वरच्या अभ्यासावरून लक्षात आलंच असेल. त्यापेक्षा या शनिवारपासून एक सवय लावून घ्या. तुमची पाळी आली की, पानं कशीही असोत, मनात पाचपर्यंत मोजायचं, मग बोलायचं. चिप्स नेहमी एकाच हाताने, एकाच ढिगात, एकदाच पुढे सरकवायचे. बेट लावून झाल्यावर दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवायचे आणि पॉटमधल्या चिप्सकडे बघायचं, समोरच्याकडे नाही. पानं पहिल्यांदा उचलून पाहिली की पुन्हा पुन्हा उचलायची नाहीत. दोन पानं लक्षात राहत नसतील तर आधी तेवढी लक्षात ठेवायची सवय करा. मंडळी आठवडाभर चिडवतील की फेस रीडर आता मोजत बसतो. चिडवू दे.